माथेरानच्या लाल चिखलानंतर: स्वेडचे बूट, चामड्याची पर्स आणि पांढरे कॅनव्हास (प्रकल्प नोंदी, ठाणे)

१३ जुलै २०२५, रविवार, रात्र

माथेरानहून आज संध्याकाळी परत आलो. दस्तुरी नाक्याच्या पुढे गाड्यांना बंदी असल्यामुळे तिथून सगळी वाट पायी होती आणि दिवसभर पाऊस असल्याने ती वाट म्हणजे घोट्यापर्यंतचा लाल चिखलच होता. घरी आल्यावर तीन वस्तू समोर आल्या: धाकट्या दिराचे राखाडी स्वेडचे, म्हणजे बारीक लव असलेल्या चामड्याचे बूट, माझी तपकिरी चामड्याची पर्स आणि मुलीचे पांढरे कॅनव्हासचे बूट. तिन्ही वस्तूंना एकाच वाटेचा चिखल लागला आहे, पण तिन्हींचे पृष्ठभाग अगदी वेगळे आहेत, म्हणून ही नोंदवही सुरू करत आहे. पावसाळ्यात ठाण्यासारख्या दमट ठिकाणी हेच काम करणाऱ्यांना ती उपयोगी पडावी.

पहिली चूक पहिल्याच अर्ध्या तासात झाली. मुलीचा डावा बूट मी तसाच ओला नळाखाली धरला आणि कपड्यांच्या ब्रशने घासला. पाच मिनिटांत चिखलाचे गोळे निघून गेले, पण तोवर पांढरा असलेला भागही एकसारखा गुलाबी झाला. चिखलाचे कण अतिशय बारीक असतात. ओले असताना ते पाण्यात सुटे होतात आणि ब्रशचा प्रत्येक फटकारा त्यांना सुताच्या पिळात आणखी आत ढकलतो. हे लक्षात आल्यावर उजवा बूट मी हात न लावता बाजूला ठेवला. आता एकाच जोडीतला एक बूट ओला घासलेला आणि दुसरा न घासलेला, अशी तुलना आपोआप मिळाली आहे.

पर्सच्या बाबतीत मात्र ओला चिखल लगेच टिपून घेणे योग्य ठरले. गुळगुळीत चामड्यावर चिखल वाळू दिला आणि नंतर पुसला, तर त्यातली वाळू फडक्याखाली खरवडत जाते आणि बारीक चरे पडतात. म्हणून पिळून घेतलेल्या मऊ सुती फडक्याने, दर वेळी फडक्याची स्वच्छ घडी पुढे घेत, दाब न देता चिखल उचलला. पर्स रिकामी केली, आतले अस्तर बाहेर ओढले आणि बैठकीच्या खोलीत पंख्याखाली ठेवली.

स्वेडच्या बुटांना काहीही केले नाही. नाड्या काढल्या, आतले तळ बाहेर काढले आणि पोटात साधा कोरा कागद कोंबला. वर्तमानपत्र वापरले नाही, कारण आतले अस्तर फिक्या रंगाचे आहे आणि ओल्या कागदाची शाई त्याला लागते. सहज सुचले म्हणून उजवा बूट स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर प्लास्टिकची पिशवी अंथरून, कागद न कोंबता तोलला. वजन ६१२ ग्रॅम भरले. हा आकडा पुढे किती कामाचा ठरणार आहे, हे त्या वेळी माझ्या लक्षात आले नव्हते.

१४ जुलै, सोमवार

सकाळी सात वाजता उजवा स्वेड बूट ५७४ ग्रॅम, रात्री नऊ वाजता ५४६ ग्रॅम. दिवसातून तीनदा आतला कागद बदलला. पहिल्या दोन वेळचा कागद पिळता येईल इतका ओला निघाला. ओला कागद आत तसाच राहिला तर तोच बुटाला ओलसर ठेवतो, म्हणून कागद कोंबण्यापेक्षा तो वेळेवर बदलणे जास्त महत्त्वाचे आहे.

आज दिराने घाई केली. बुधवारी त्याला हेच बूट घालून जायचे होते, म्हणून त्याने डाव्या बुटावर केस वाळवण्याचे यंत्र वीतभर अंतरावरून सुमारे दहा मिनिटे धरले. चिखलाचा वरचा पापुद्रा तडकला, म्हणून आम्हाला वाटले की काम झाले. तासाभराने बोट लावून पाहिले, तर पापुद्र्याखालचे चामडे ओलेच होते आणि पंजाजवळ रुपयाच्या नाण्याएवढ्या भागात ते कडक झाले होते. त्या ठिकाणची लव चिकटून सपाट झाली आहे. ओल्या चामड्याला कोरड्या चामड्यापेक्षा उष्णता फार लवकर लागते. त्याचे तंतू आकसतात, एकमेकांना चिकटतात आणि आकसणे जास्त झाले असेल तर ते कशानेही उलटत नाही. हा भाग किती सुधारतो, हे बूट पूर्ण वाळल्यावरच कळेल.

१५ जुलै, मंगळवार

गुलाबी झालेल्या डाव्या कॅनव्हास बुटावर आज मी दुसरी चूक केली. घरात कपड्यांचे क्लोरीनचे ब्लीच होते. त्यात पाणी मिसळून बूट अर्धा तास बुडवला. गुलाबी छटा जवळजवळ तशीच राहिली, पंजावरचे पांढरे रबर मात्र पिवळट झाले आणि शिवणीतला पॉलिएस्टरचा दोराही पिवळसर दिसू लागला.

डाग का हलला नाही, याचे उत्तर मातीतच आहे. माथेरानच्या माथ्यावर जांभा दगड आहे आणि त्या मातीचा लाल रंग म्हणजे लोहाचा ऑक्साइड, म्हणजे कुंड्यांना आपण जो गेरू लावतो त्याचाच रंग. ब्लीच रंग घालवते ते रंगद्रव्याचे ऑक्सिडीकरण करून, आणि या लोहाचे ऑक्सिडीकरण तर आधीच झालेले आहे. चहाचा किंवा हळदीचा डाग ब्लीचने जाऊ शकतो, पण लाल मातीचा जात नाही. बूट चार पाण्यांतून काढून पंख्याखाली ठेवला. त्यावर पुढचा कोणताही आम्लाचा उपाय लगेच करायचा नाही असे ठरवले, कारण क्लोरीनचे ब्लीच आणि व्हिनेगर, लिंबूफूल किंवा बाथरूम साफ करण्याचे ॲसिड एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. ही खबरदारी कुणीही हलक्यात घेऊ नये.

पर्स बाहेरून हाताला कोरडी लागली, म्हणून ती सुती पिशवीत घालून कपाटात ठेवली.

स्वेड: सकाळी ५३१, रात्री ५२४.

१६ जुलै, बुधवार

स्वेड बूट सकाळी ५२२ आणि रात्रीही ५२२ ग्रॅम. वजन थांबले, म्हणजे बूट वाळला, असा माझा निष्कर्ष होता. ब्रश हातात घेण्यापूर्वी टाचेजवळच्या चिखलात नख दाबून पाहिले, तेव्हा नखाचा ठसा मेणात उमटावा तसा स्वच्छ उमटला आणि नखाला ओलसर लाल लेप लागला. वाळलेली माती असे करत नाही.

मग बैठकीच्या खोलीतल्या भिंतीवरच्या आर्द्रतामापकाकडे पाहिले. त्यावर ८७ टक्के दिसत होते. बूट वाळायचा थांबला होता तो कोरडा झाला म्हणून नव्हे, तर खोलीतली हवाच इतकी दमट होती की तिला बुटातले आणखी पाणी घेता येत नव्हते. चामडे हवेतला दमटपणा धरून ठेवते आणि भोवतालच्या हवेइतके दमट झाले की तिथेच थांबते. कोरड्या हवेच्या गावात 'चिखल वाळू द्या' एवढी सूचना पुरेशी असेल, पण जुलैमधल्या ठाण्यात नुसत्या पंख्याने चिखल एका मर्यादेपलीकडे वाळत नाही. वजन थांबले की तेवढ्यावर विश्वास न ठेवता नखाने दाबून पाहणे, हा धडा इथे मिळाला.

रात्री स्वेडचे दोन्ही बूट आणि न घासलेला उजवा कॅनव्हास बूट झोपण्याच्या खोलीत हलवले. एसी 'ड्राय' मोडवर लावला, खिडक्या बंद ठेवल्या आणि बूट हवेच्या थेट झोताखाली न ठेवता खोलीच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्रावर आडवे ठेवले, म्हणजे तळांनाही हवा लागावी. तासाभरात आर्द्रता ५८ टक्क्यांवर आली. एसी रात्री आम्ही लावतोच, त्यामुळे जादा वीज फक्त पुढच्या दोन दुपारी चालवलेल्या पाच तासांची खर्च झाली.

१७ जुलै, गुरुवार

सकाळी उजवा स्वेड बूट ४९८ ग्रॅम. बैठकीच्या खोलीत चोवीस तासांत जेमतेम दोन ग्रॅम कमी झालेला बूट एका रात्रीत २४ ग्रॅमने हलका झाला. दुपारी पुन्हा एसी चालवला, रात्री ४८९.

उजवा कॅनव्हास बूट मात्र आजच वाळला. कापड चामड्यापेक्षा पातळ असते आणि पाणी लवकर सोडते. त्यावरचा चिखल नखाने दाबल्यावर ठसा न उमटता चुरा झाला. बाल्कनीत जाऊन तोंडाला मास्क लावून काम केले, कारण ही धूळ फार बारीक असते. आधी दोन्ही बुटांचे तळ एकमेकांवर आपटले, मग बोटांनी पापुद्रे सोडवले आणि शेवटी मऊ नायलॉनच्या ब्रशने वरून खाली एकाच दिशेने झटकले. सगळे पंधरा मिनिटांत झाले. पाण्याचा थेंबही न लावता कापडाचा नऊ दशांश भाग पांढरा झाला. लालसरपणा उरला तो फक्त कापड आणि रबर जिथे जोडले जाते त्या खाचेत आणि नाड्यांच्या भोकांभोवती. शेजारी डावा, ओला घासलेला बूट ठेवला तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, हे एकाच जोडीचे वाटतच नाहीत." तिचे खरे होते.

१८ जुलै, शुक्रवार

स्वेड सकाळी ४८५, रात्री ४८५, आणि आता नख दाबले की चिखल रवाळ पडतो. दोन्ही खुणा जुळल्या, म्हणजे बूट खरोखर वाळला. घरी आल्यापासून पाच दिवस गेले. दिराला बुधवारी दुसरे बूट घालावे लागले.

१९ जुलै, शनिवार

आजचा दिवस स्वेडसाठी राखून ठेवला होता, पण सकाळी कपाट उघडले आणि दमट वास आला. सुती पिशवीतून पर्स बाहेर काढली तर तळाकडच्या शिवणीवर आणि झाकणाच्या आतल्या बाजूला पांढुरके ठिपके दिसले. मी बुटांचे वजन दिवसातून दोनदा करत होते आणि पर्सचे एकदाही केले नव्हते. वजनकाट्यावर ती नीट बसत नाही, एवढेच कारण होते. वरचे चामडे कोरडे झाले तरी अस्तर, मधला पुठ्ठा आणि शिवणी ओल्याच होत्या आणि बंद कपाटात त्या ओलीला बुरशी धरली.

पांढरा थर दिसला की तो बुरशीच असेल असे नाही. कधीकधी चामड्यातली चरबी बाहेर येऊन तसाच थर धरते. ओळखायची पद्धत सोपी आहे. केस वाळवण्याच्या यंत्राची कोमट हवा हातभर अंतरावरून काही सेकंद लावली की चरबीचा थर वितळून नाहीसा होतो आणि बुरशी तशीच राहते. इथे ठिपके तसेच राहिले, शिवाय वासही होता. पर्स बाल्कनीत नेली, कारण घरात झटकली असती तर बुरशीचे बीजकण बाकीच्या कपड्यांवर पसरले असते. कोरड्या फडक्याने थर पुसून ते फडके लगेच फेकून दिले. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात मिसळून, आधी झाकणाखालच्या न दिसणाऱ्या जागी कापसाने लावून पाहिले. कापसाला रंग लागला नाही, म्हणून बाकीच्या ठिपक्यांवरही तेच मिश्रण लावले. अल्कोहोलने चामड्याचा रंग सुटू शकतो, म्हणून ही चाचणी टाळू नये. पर्स उघडी करून एसीच्या खोलीत ठेवली. कपाट रिकामे करून पुसले आणि दार दिवसभर उघडे ठेवले.

२० जुलै, रविवार

स्वेडचे काम आज केले, आणि या नोंदींतला सर्वांत जास्त वेळ, म्हणजे सलग तीन तास, त्याला लागला.

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला बसणाऱ्या एका गटई कामगार काकांकडे सकाळी डावा बूट घेऊन गेले होते. कडक झालेला भाग त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिला आणि म्हणाले, "ताई, वाळला ते चांगलं झालं. ओल्याला ब्रश लावला असतात तर लव मुळापासून निघाली असती. आता आधी मऊ ब्रश, मग रबर, आणि पितळी तार अगदी शेवटी, ती पण हलक्या हाताने." त्यांच्याकडून क्रेप रबराचा एक जुना तुकडा मिळाला. त्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत.

घरी त्याच क्रमाने गेले. मऊ ब्रशने चिखलाचे पापुद्रे निघाले आणि उजवा बूट त्यानंतर ४५३ ग्रॅम भरला, म्हणजे एका बुटावर ३२ ग्रॅम कोरडी माती होती. ती सगळी पाण्याशिवाय निघाली. मग क्रेप रबर लव ज्या दिशेला आहे त्या दिशेने आणि नंतर उलट दिशेने घासले. लव उभी राहू लागली आणि तिच्या मुळाशी बसलेली लाल धूळ रबराला चिकटून येऊ लागली. साध्या पांढऱ्या खोडरबरानेही हे होते, फक्त ते लवकर झिजते आणि त्याचा चुरा पुन्हा झटकावा लागतो.

यानंतरही टाचेजवळ हाताच्या पंजाएवढा फिका लालसर पट्टा राहिला. पांढरे व्हिनेगर आणि पाणी सारखे मिसळून, फडके त्यात बुडवून इतके पिळले की दाबल्यावर थेंब पडू नये, आणि बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला चाचणी घेऊन मी फक्त तो पट्टा टिपला. पट्टा फिका झाला, पण अर्ध्या तासाने वाळताना त्याच्या कडेने गडद रेघ उमटली. स्वेडवर पाण्याचे डाग पडतात ते असेच. ओलावा कडेपर्यंत पसरतो आणि आतला रंग व मळ वाहून नेऊन जिथे थांबतो तिथे सोडून देतो. रेघेवर आणखी घासून ती जात नाही, उलट दुसरी रेघ तयार होते. उपाय असा की त्या पट्ट्यापुरते न थांबता एका शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंतचा पूर्ण तुकडा त्याच जेमतेम ओल्या फडक्याने एकसारखा ओलसर करायचा, म्हणजे ओलाव्याची कड शिवणीतच जाऊन थांबते आणि दिसत नाही. तसे केले, आत कागद भरला आणि बूट पुन्हा एसीच्या खोलीत ठेवला. संध्याकाळपर्यंत रेघ नाहीशी झाली.

डाव्या बुटाच्या कडक भागावर चहाच्या किटलीची वाफ वीतभर अंतरावरून तीन-चार सेकंद घेतली आणि लगेच क्रेप रबराने लव उचलली. असे पाच वेळा केले, दर वेळी मध्ये बूट गार होऊ दिला. पितळी ब्रश फक्त याच भागावर, सहा-सात वेळा, टोके जेमतेम टेकतील इतकाच फिरवला. लव बरीचशी उभी राहिली आणि रंगही जुळला, पण अंगठ्याखाली तो भाग अजून शेजारच्या चामड्यापेक्षा घट्ट लागतो. तो तसाच राहणार असे आता वाटते.

२२ जुलै, मंगळवार

उजव्या कॅनव्हास बुटाला पाणी आज पहिल्यांदा लावले. अर्ध्या बादलीऐवजी एका वाडग्यात कोमट पाणी आणि चमचाभर द्रव साबण घेतला. जुन्या टूथब्रशने फक्त रबराची खाच आणि भोके घासली आणि मग बूट स्वच्छ पाण्यातून काढून बाल्कनीत ठेवला. वाळल्यावर खाचेपासून वर पिवळट वलये दिसली. हा चिखल नव्हता. कापडात राहिलेला साबण पाण्याबरोबर पृष्ठभागावर येऊन तिथे पिवळा पडतो आणि मी एकाच पाण्यातून बूट काढला होता.

पुन्हा पूर्ण बूट भिजवला, तीन पाण्यांतून काढला आणि चौथ्या पाण्यात एका लिटरला पाव चमचा लिंबूफूल विरघळवून त्यात दोन मिनिटे बुडवला. साबण अल्कधर्मी असतो आणि हे हलके आंबट पाणी त्याचा उरलेला अंश निवळते. मग बुटाला बाहेरून पांढऱ्या टिश्यू पेपरचे दोन थर ओलेच चिकटवून लपेटले. वाळताना पाणी कापडातून कागदात जाते आणि जे पिवळे डाग कापडावर पडायचे ते कागदावर पडतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद सोलला, तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला चहाच्या बशीसारखी पिवळी-तपकिरी वलये होती आणि बूट पांढरा होता. बैठकीच्या खोलीत हे होत नाही, कारण तिथे कागद सुकायलाच दोन दिवस लागतात आणि तोवर कुबट वास धरतो. एसीची खोली इथेही लागली.

२६ जुलै, शनिवार

डावा कॅनव्हास बूट. ब्लीच दिल्यानंतर अकरा दिवस झाले, मध्ये तो दोन वेळा स्वच्छ पाण्यातून काढला होता आणि ब्लीचचा वास पूर्ण गेला होता. त्यानंतरच आम्लाचा उपाय सुरू केला.

पहिल्यांदा लिंबूफूल, अर्धा लिटर कोमट पाण्यात एक मोठा चमचा. कापडाचा भाग दोन तास भिजवला. पाण्यात हलकी पिवळसर झाक आली आणि गुलाबी रंग थोडा फिका झाला. हेच पुन्हा केले, तेव्हा फरक कमी पडला. लिंबूफूल लोहाला धरून पाण्यात ओढते, पण मातीतल्या पक्क्या ऑक्साइडवर ते फार सावकाश चालते.

म्हणून संध्याकाळी नौपाड्यातल्या हार्डवेअरच्या दुकानातून ऑक्झॅलिक ॲसिडची पूड आणली. फरशीवरचे गंजाचे डाग काढायला ती विकली जाते. हे विष आहे. रबरी हातमोजे घातले, पूड पाण्यात हळूहळू सोडली, स्वयंपाकाचे कोणतेही भांडे वापरले नाही आणि मुलीला बाल्कनीत येऊ दिले नाही. अर्धा लिटर पाण्याला सपाट दोन छोटे चमचे, म्हणजे सुमारे दहा ग्रॅम, एवढेच घेतले. चाळीस मिनिटांत कापडावरची गुलाबी झाक डोळ्यांदेखत उतरली. मग सहा पाण्यांतून बूट काढला, कारण सुती कापडात राहिलेले आम्ल वाळताना घट्ट होते आणि धाग्याला कमकुवत करते. शेवटी टिश्यू पेपर लपेटून एसीच्या खोलीत ठेवला.

२७ जुलै, रविवार

डावा बूट आता कापडापुरता पांढरा आहे, पण उजव्याशेजारी ठेवला की किंचित निस्तेज दिसतो. पंजाचे रबर मात्र पिवळटच राहिले. चिखलाने हे नुकसान केले नव्हते, ब्लीचने केले होते. खाण्याच्या सोड्याची पेस्ट लावून घासल्यावर रबराचा वरचा मळ निघाला, पिवळेपणा निघाला नाही. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस काढायचा प्रकारही एकदा केला. दोन्ही एकमेकांना निवळतात आणि हातात जवळजवळ नुसते खारट पाणी राहते, त्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही.

पर्ससाठी आज नीट वेळ दिला. सामान तोलायच्या आकड्याच्या काट्यावर २० तारखेपासून तिचे वजन करत आहे: ९१०, ८८०, ८६०, ८६०. तीन दिवस ८६० वर थांबली आहे आणि एसीच्या खोलीत आहे, म्हणून वाळली असे मानले. मग पाण्याचा एक थेंब झाकणावर आणि एक बंदावर ठेवला. झाकणावरचा थेंब मोत्यासारखा उभा राहिला. बंदावरचा मिनिटाभरात मुरला आणि तिथे गडद ठिपका दिसला. म्हणजे अंगाच्या चामड्यावर रंगाचा संरक्षक लेप आहे आणि बंद मात्र बिनलेपाचे आहेत. पहिल्या रात्री मी दोन्हींवर एकच ओले फडके फिरवले होते आणि बंदांवर जी गडद धार दिसते आहे ती त्यामुळेच आली आहे. स्वेडवर केले तेच इथेही केले. बंदाची पूर्ण लांबी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम ओल्या फडक्याने एकसारखी पुसली. धार पुष्कळ कमी झाली.

शिवणीतली वाळलेली माती लाकडी दातकोरण्याने दोऱ्याच्या दिशेने, आडवी न ओढता, उचलली. चेनच्या दातांत माती राहिली तर ती दात झिजवते, म्हणून तिथे कोरडा टूथब्रश फिरवला. सासूबाईंनी खोबरेल लावायला सांगितले. त्यांच्या माहेरी चपलांना तेच लावत. बंदाच्या मागच्या बाजूला बोटाच्या पेरभर जागेवर लावून पाहिले. चामडे कायमचे दोन छटा गडद झाले. त्यांना ते दाखवले, तेव्हा त्यांनीच बाकीच्या भागाला लावू नये असे सांगितले. खोबरेल पुढे खवट होते आणि दमट हवेत बुरशीला खाद्य मिळते, हे कारण आणखी मोठे आहे. रंगहीन लेदर क्रीम वाटाण्याएवढे घेऊन पूर्ण पर्सला पुरले.

३ ऑगस्ट, रविवार

खर्च: ब्रश आणि रबराचा संच ३५० रुपये, लेदर क्रीम २८०, लिंबूफूल ४०, ऑक्झॅलिक ॲसिड ६०, आयसोप्रोपिल अल्कोहोल १२०, आर्द्रता शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या १५०. एकूण हजार रुपये. हाताने केलेले काम सुमारे नऊ तासांचे होते आणि त्यातले चार तरी तास मी व दिराने केलेल्या चुका निस्तरण्यात गेले.

स्वेड बुटांवर आज गच्चीवरच्या उघड्या हवेत, वीतभर अंतरावरून, पाणी मुरू न देणाऱ्या फवाऱ्याचे दोन हलके थर दिले. फवारा दिराकडे आधीपासून होता. पहिला थर वाळल्यावरच दुसरा दिला. पाण्याचा थेंब आता लवेवर थांबतो. उजव्या टाचेच्या शिवणीत नीट पाहिले तर अजून लालसर रेघ दिसते. ती काढायला शिवण उसवावी लागेल, म्हणून ती तशीच ठेवत आहे.

पर्स कपाटात न ठेवता खुंटीवर, तोंड उघडे ठेवून टांगली आहे आणि आत सिलिका जेलच्या चार पुड्या आहेत. आज सकाळी वजन ८६० ग्रॅम. शिवणींना नाक लावून वास घेतला, कुबट वास नाही. पाऊस संपेपर्यंत दर रविवारी तिचे वजन करणार आहे.